खुंटा

आमच्या दुकानात शिरलं की उजव्या हाताला एक फ्रीज उभा आहे. चार दारांचा, काळा, चकाचक. किंमत एक लाख अठ्ठेचाळीस हजार. तीन वर्षांत तो विकला गेलेला नाही, आणि तो विकला जावा अशी कुणाची इच्छाही नाही. शेठ रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याच्यावरची धूळ पुसतात. घरच्या देवांना तरी इतकं पुसतात की नाही, माहीत नाही.

त्याला आम्ही खुंटा म्हणतो. जनावर खुंट्याला बांधलं की दोर असेल तेवढंच फिरतं. गिऱ्हाईकाचंही तसंच. कानात पहिला आकडा पडला की पुढची सगळी हिंडफिर त्याच्याच भोवती. मला या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. पायाच्या शिरा फुगल्यात, घसा बसलेला असतो, पण खुंटा ठोकण्यात माझा हात धरणारा सिडकोत दुसरा नाही.

परवाचीच गोष्ट. हरसूलकडचं एक जोडपं आलं. बाईंनी दारातच सांगून टाकलं, "अठराच्या वर जायचं नाय." मी म्हटलं, "नका जाऊ ना मावशी, बघायला काय पैसे पडतात?" आणि खुंट्याचं दार उघडून दाखवलं. आतला दिवा लागला, बर्फाचा खण सरकला, किंमत मी सहज बोलता बोलता सांगितली. दोघं हसले. मग त्यांना घेऊन पलीकडच्या रांगेत गेलो. साडेसव्वीसचा डबल डोअर त्यांनी स्वतः होऊन पसंत केला. टेम्पोत चढवताना बाई नवऱ्याला म्हणाल्या, "लय स्वस्तात पडला."

घरून निघताना त्यांच्या मनात अठरा होते. वाटेत त्यांना कुणी मारलं नाही, फसवलं नाही. फक्त एका दारावरून नेलं. मागे एकदा रंगकामामुळे पंधरा दिवस गिऱ्हाईक मागच्या दाराने घ्यावं लागलं होतं. तिकडे सगळ्यात आधी दिसायचा तेरा हजारांचा सिंगल डोअर. तेच आम्ही, तोच माल, पण त्या पंधरवड्यात लोकांना वीस हजारसुद्धा फार वाटायला लागले. शेवटी शेठने रंगाऱ्याला दम भरला आणि काम उरकून घेतलं.

दुसरी विद्या मुबीनची. मुबीन शेख, माझ्या शेजारच्या काउंटरला असतो, तोंडाने गोड, मनाने त्याहून गोड. मध्यंतरी मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता, कुठल्या तरी गावात फ्रीज फुटून स्वयंपाकघर जळालेलं. कधीचा, कुठला, कुणाला पत्ता नाही. मुबीन कधी तो कुणाला दाखवायचा नाही. तो फक्त विचारायचा, "तो व्हिडिओ आला होता का हो तुम्हाला?" बास. त्या महिन्यात आमचे स्टॅबिलायझर संपले. गिऱ्हाईक स्टॅबिलायझर घ्यायचं आणि हेल्मेटशिवाय दोघं-तिघं एका गाडीवर बसून मुंबई-आग्रा रोडने घरी जायचं. रस्त्यावर रोज माणसं मरतात, पण त्याचं आता काही वाटत नाही. फुटलेला फ्रीज एकच, पण डोळ्यापुढे. डोळ्यापुढे जे चटकन येतं तेच नेहमी घडतं असं माणसाला वाटतं, आणि मुबीनचा पगार त्यावर चालतो. माझाही.

हे सगळं मी एवढं फोडून सांगतोय, कारण पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालं असं कुणाला वाटू नये.

माझी बायको विमल. अंबडला एका प्रेसशॉपमध्ये तिने अकरा वर्षं काढली. दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या मशिनी. कानात घालायला बोळे द्यायचे, पण ते घातले की सुपरवायझर काय बोलतो ते कळत नाही म्हणून बायका काढून ठेवायच्या. चार वर्षांपूर्वी तिला कमी ऐकू यायला लागलं. आधी टीव्ही मोठा झाला, मग मी मोठा झालो, म्हणजे माझा आवाज. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही कान सारखेच गेलेत, मशीन लावा, जितक्या लवकर लावाल तितकं बरं.

मी लावलं नाही. पैसे नव्हते असं नाही, थोडे होते. कारण वेगळंच होतं. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्याला इसाकभाई टेलर राहतात. त्यांनी सहा हजारांचं मशीन घेतलं होतं. ते मांजरासारखं ओरडायचं. आठ दिवसांत त्यांनी ते काढलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं. मी पँटची चेन बदलायला गेलो की तो डबा समोर. बटणं, हूक, सुया आणि मध्ये ते गुलाबी मशीन. विमलच्या कानाचा विषय निघाला की मला तो डबा दिसायचा आणि मी म्हणायचो, "अगं, ती मशिनं काही चालत नाहीत. इसाकभाईंचं बघितलंस ना?"

चार वर्षं एका डब्यावर काढली. ज्यांची मशिनं चालतात ती माणसं मला कशी दिसणार? ती तर चारचौघांसारखी ऐकत, बोलत समोरून निघून जातात. मुबीनजवळ मी हा विषय काढला तेव्हा, चार वर्षांनी, मला कळलं की रोज सकाळ-संध्याकाळ आम्हाला चहा देणारा दिनेश दोन्ही कानांत मशीन घालतो. रस्त्यापलीकडून "दोन कमी साखर" म्हणून ओरडलो की तो हात वर करायचा. त्याच्या कानात काही असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

मग वेदिकाची वेळ आली. वेदिका आमची एकुलती एक, इथेच पाथर्डी फाट्याला राहते, खासगी कंपनीत नोकरी करते. तिला मुलगी झाली. सहा महिन्यांची रजा संपत आली तेव्हा बाळाला दिवसा कोण सांभाळणार, हा प्रश्न आला. विमलने तर सगळी तयारी करून ठेवली होती. जुन्या साड्यांची दुपटी, गादीला रबरी चादर, नाचणीचं सत्त्व दळून डबा भरलेला. नोकरी सुटल्यापासून ती दिवसभर घरात एकटी असायची. फोन ऐकू येत नाही म्हणून बहिणींचे फोनही बंद झालेले. त्या बाळाच्या वाटेकडे ती किती डोळे लावून बसली होती, ते मला दिसत होतं.

वेदिका एक दिवस दुकानात आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, आईला मी कसं सांगू? बाळ आतल्या खोलीत रडलं तर तिला कळतच नाही. परवा मी समोर होते म्हणून. तिच्या कानाचं काहीतरी करा, नाहीतर सासूबाईंना निफाडहून बोलवावं लागेल." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हटलं, याच आठवड्यात करतो.

गंगापूर रोडला एका कान-तपासणीच्या सेंटरमध्ये गेलो. तेजस्विनी नावाच्या मॅडम होत्या, वेदिकाच्याच वयाच्या. त्यांनी विमलला काचेच्या खोलीत बसवून तासभर तपासलं. बाहेर येऊन कागदावरच्या रेघा समजावून सांगितल्या. बारीक, उंच आवाज तिला जवळजवळ येत नाहीत. मग ड्रॉवर उघडून एक डबी पुढे ठेवली. आत दोन छोटी मशिनं, करड्या रंगाची.

"काकू, तुमच्यासाठी ही जोडी बरोबर आहे. चौऱ्याहत्तर हजार. दोन्ही कानांची."

मला आतून हसू आलं. खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या. सव्वीस वर्षं जी गोष्ट मी दुसऱ्यांना करत आलो, ती ही काल आलेली पोरगी मला करत होती. पहिली दाखवलेली वस्तू विकायची नसते. ही आमच्या धंद्यातली बाराखडी.

मी म्हणालो, "मॅडम, हा खुंटा ठेवा बाजूला. मीपण याच लायनीतला आहे. आता खरा माल दाखवा."

त्यांना काही कळलं नाही. "खुंटा म्हणजे?"

"असू द्या. याच्या खालचं?"

त्यांनी दुसरं दाखवलं. त्याच्याही खालचं. मी ऐकत होतो आणि मनात प्रत्येकाला इसाकभाईंच्या सहा हजारांशी मोजत होतो. सहापुढे चौऱ्याहत्तर म्हणजे लूट, चाळीस म्हणजे लूट, अठरा म्हणजे जरा माणसात आल्यासारखं. शेवटी अठराचं एक बोटावर घेऊन मी म्हटलं, "हे द्या. एकाच कानाला."

"एकाच का?" तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. "काका, एका कानाला लावलं तर आवाज येईल, पण तो कुठून आला ते नीट कळणार नाही. दिशा दोन कानांनी कळते. आणि घरात बाळ सांभाळायचं म्हणताय."

मी मान डोलावली. आमचं गिऱ्हाईक स्टॅबिलायझरला नाही म्हणायला लागलं की आम्हीही असंच आवाज उतरवून, काळजीने बोलतो. ती काळजी मी रोज आठ तास विकतो. मग मला कशी खरी वाटणार?

विमल माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काय चाललंय ते अर्धंमुर्धंच कळत होतं. तिने विचारलं, "काय म्हणतात त्या?" मी मोठ्याने म्हटलं, "महागातलं गळ्यात मारत होत्या. मी नाही मारून घेतलं. अठरा हजार, खरी किंमत तेवढीच." ती समाधानाने हसली. नवरा हुशार आहे यावर तिचा पहिल्यापासून विश्वास.

दुसऱ्या दिवशी दुकानात मुबीनला सगळं रंगवून सांगितलं. "गोरक्षभाऊ, पण तपासून दिलं होतं ना त्यांनी?" एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, छप्पन हजार वाचवले." छप्पन हजार. चौऱ्याहत्तरातून अठरा वजा. ज्या आकड्याला मी खोटा म्हणत होतो, त्यातूनच माझी बचत मोजत होतो, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मशीनने ऐकू यायला लागलं, नाही असं नाही. विमलला कुकरची शिट्टी कळायला लागली, दाराची बेल कळायला लागली. ती खूष. वेदिकाने दोन दिवस येऊन, बाळ दिवसभर तिच्याकडे सोपवून बघितलं आणि म्हणाली, चालेल. सोमवारी ती कामावर हजर होणार होती. पहिल्या दिवशी अर्धा दिवस जाऊन बघते म्हणाली.

सोमवारी दुपारी मी जेवायला घरी निघालो. बिल्डिंगच्या गेटपाशीच वेदिका रिक्षातून उतरत होती. दोघं जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर असतानाच बाळाचं रडणं ऐकू आलं. साधं रडणं नाही, घसा बसल्यावरचं. वेदिका धावत सुटली. चपला तिने जिन्यातच सोडल्या.

दार उघडलं तर विमल गॅलरीत उभी. कठड्यावरून वाकून खाली गल्लीत बघत होती. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकली. म्हणाली, "खाली कुणाचं तरी पोर केव्हाचं रडतंय हो. कुणी बघत कसं नाय त्याला?"

बाळ आतल्या खोलीत होतं. सरकत सरकत भिंतीकडे गेलं होतं आणि त्याचा पाय पलंग नि भिंतीच्या फटीत अडकला होता. लागलं काही नव्हतं. मांडीवर लाल वळ, बास. वेदिकाने त्याला उचललं, छातीशी धरलं, तेव्हा ते गप्प झालं. नंतरही किती वेळ हुंदके देत होतं. विमल दारात उभी राहून ते बघत होती. तिला ऐकू आलं होतं. सगळं ऐकू आलं होतं, पहिल्या हुंदक्यापासून. ती आत न येता गॅलरीत गेली होती.

वेदिका आईवर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दुपटी, बाटली, सत्त्वाचा डबा पिशवीत भरला. जाताना आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझी काही चूक नाही गं आई." चौथ्या दिवशी तिच्या सासूबाई निफाडहून आल्या. चांगल्या आहेत, प्रेमळ आहेत. आता बाळ त्यांच्याकडे असतं.

विमलने त्या सोमवारी संध्याकाळीच मशीन काढलं. मी बघत होतो. आमच्या शिवणाच्या डब्यात टाकलं. बटणं, हूक, सुया आणि मध्ये ते.

मी चौदा दिवस गंगापूर रोडला गेलो नाही. लाज वाटत होती. पंधराव्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि गेलो. तेजस्विनी मॅडमनी ओळखलं. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही ती जोडी सगळ्यात आधी का दाखवली?" त्या म्हणाल्या, "काकूंच्या कानाला ती बसत होती म्हणून. दुसरं आधी कशाला दाखवू?" त्याहून महाग जोड्या होत्या का, विचारलं. होत्या. दोन-दोन लाखांच्या. त्यांनी त्या काढल्याच नव्हत्या.

मी भाव केला नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलेली किंमत मोजली. एका महिन्यात परत करता येईल म्हणाल्या. मशीनमध्ये विमलच्या तपासणीप्रमाणे आवाज बसवून दिला, नंतर तिला घेऊन या, पुन्हा जुळवून देते म्हणाल्या.

घरी येऊन डबी तिच्यापुढे ठेवली आणि जोरात म्हटलं, "नवीन आणली. दोन्ही कानांची."

"केवढ्याला?"

"चौऱ्याहत्तर."

"हजार?" तिने डबी दोन बोटांनी मागे सारली. "आधीचं अठराला होतं ना? तुम्हीच तर म्हणाले, अठराच खरी किंमत. ही चौपट? परत देऊन या."

मी समजावलं. अठरा एकाचे, हे दोन्हीचे, माल वेगळा. ती ऐकेना. प्रत्येक वाक्याला तिचं एकच, आधीचं अठराला होतं. तो आकडा तिच्या डोक्यात कुणी ठोकला होता, हे मला चांगलं माहीत होतं. ठोकायचं मी शिकलो होतो. उपटायचं मला कधी कुणी शिकवलं नाही, गरजच पडली नव्हती.

मग ती म्हणाली, "आणि ऐकून काय करू आता? डोळे मिटले की गॅलरी दिसते मला. बाळ आत नि मी बाहेर. वेदिका उद्या म्हणाली सांभाळ, तरी मी हो म्हणायची नाय." मी म्हटलं, अगं, एकच दुपार. त्याआधी दोन दिवस नीट सांभाळलंस की, दिवसभर. तिला ते दोन दिवस आठवतच नव्हते. मला तरी चार वर्षं डब्याशिवाय काय आठवत होतं?

"एकदा घालून तर बघ," मी म्हटलं. "मग देऊ परत." हात जोडले तिला. माझ्या हट्टापायी तिने मान पुढे केली. मी दोन्ही मशिनं तिच्या कानांत बसवली, सांगितली होती तशी, आणि उठून तिच्या पाठीमागे डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. नुसता खिशातला चाव्यांचा जुडगा जरासा हलवला.

विमल वळली. इकडेतिकडे नाही, सरळ माझ्याकडे. माझ्या खिशाकडे बघितलं. मग पंख्याकडे, मग खिडकीकडे, जिथून खालच्या इसाकभाईंच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. बराच वेळ ती तशीच एकेक आवाज शोधत बसली. मी खुर्चीत बसलो. पाय फार दुखत होते.

"ही जोडी," तिने हळूच विचारलं, "तेव्हा होती का त्यांच्याकडे? आपण गेलो तेव्हा?"

मी म्हणालो, "होती."

"आपल्याला दाखवली होती?"

मान खाली घालून मी पुटपुटलो. इतक्या हळू, की गेल्या चार वर्षांत तिला ते कधी ऐकू गेलं नसतं. "हो. सगळ्यात आधी."

मशीन चांगलं होतं. तिला ऐकू गेलं.